पाच खुर्च्या, चौदा पॉइंट

व्हीलचेअर बास्केटबॉलचा संघ बांधायला घेतला की नव्या प्रशिक्षकाचं लक्ष आधी लांब हातांच्या, रिंगखाली चेंडू ओढून घेणाऱ्या दोन-तीन खेळाडूंकडे जातं. त्यांना खेळवायचं हे मनाशी ठरतं आणि उरलेल्या जागा नंतर भरल्या जातात. या खेळात हा क्रम उलटा करावा लागतो. इथे प्रत्येक खेळाडूला त्याच्या शारीरिक क्षमतेनुसार १.० ते ४.५ पर्यंत पॉइंट दिलेले असतात, आणि आंतरराष्ट्रीय नियमानुसार मैदानावरच्या पाच जणांची बेरीज सामन्याच्या कोणत्याही क्षणी १४ च्या वर जाऊन चालत नाही. ही बेरीज कशी जमवायची, बदली खेळाडू उतरवताना ती कुठे बिघडते आणि सामन्याआधी घरी बसून त्याची तयारी कशी करायची, हे आपण आठ जणांच्या एका नमुना संघावर करून पाहू. गोंधळ नको म्हणून लेखभर वर्गीकरणाच्या आकड्याला ‘पॉइंट’ म्हणतो आणि बास्केट केल्यावर मिळतात त्यांना ‘गुण’.

आधी खेळाचे नियम थोडक्यात. मैदान २८ बाय १५ मीटर, रिंग ३.०५ मीटर उंचीवर, दहा मिनिटांचे चार क्वार्टर, शॉटसाठी २४ सेकंद, पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. हे सगळं उभ्याने खेळल्या जाणाऱ्या बास्केटबॉलसारखंच आहे. फरक सुरू होतो तो खुर्ची हा खेळाडूच्या शरीराचाच भाग मानली जाते तिथून. तुमची खुर्ची समोरच्याच्या खुर्चीवर आदळली तर ती अंगाला अंग लागल्यासारखीच धरली जाते आणि फाउलचा निर्णय त्यावर होतो. खुर्चीचं चाक सीमारेषेला टेकलं तर खेळाडू बाहेर. तीन गुणांचा शॉट आणि फ्री थ्रो घेताना मात्र मागची मोठी चाकं रेषेच्या मागे असली की पुरतं; पुढची छोटी चाकं रेषेवर किंवा तिच्या पुढे असली तरी चालतं.

चेंडू मांडीवर ठेवून चाकं ढकलता येतात, पण सलग दोनदाच. तिसऱ्यांदा हात चाकाला लावून ढकललं की ट्रॅव्हलिंग. त्याआधी चेंडू एकदा जमिनीवर आपटला पाहिजे, पास दिला पाहिजे किंवा शॉट घेतला पाहिजे. आपटून झाल्यावर पुन्हा दोन ढकलण्यांची मुभा मिळते, आणि हे कितीही वेळा करता येतं, कारण इथे डबल ड्रिबल हा दोष नाही. उभ्या बास्केटबॉलमधून आलेले पंच आणि प्रशिक्षक सुरुवातीला याच जागी चुकतात.

आणखी एक नियम वर्गीकरणाशी थेट जोडलेला आहे. चेंडूसाठी झेपावताना बैठकीवरून नितंब उचलून फायदा घेतला, किंवा पायाने जमिनीला रेटा देऊन खुर्ची वळवली वा थांबवली, तर तो टेक्निकल फाउल. काही खेळाडूंच्या पायांत ताकद असते, काहींच्या अजिबात नसते. ती ताकद वापरू दिली तर पॉइंटची सगळी मांडणी निरर्थक ठरेल. बैठकीच्या उंचीची मर्यादाही याच विचारातून आली आहे. १.० ते ३.० पॉइंटच्या खेळाडूंना बैठक ६३ सेंटीमीटरपर्यंत ठेवता येते, तर ३.५ ते ४.५ च्या खेळाडूंना ५८ सेंटीमीटरपर्यंतच.

आता पॉइंट कसे ठरतात ते. हा खेळ दुसऱ्या महायुद्धानंतर जखमी सैनिकांमध्ये रुजला; अमेरिकेतली माजी सैनिकांची रुग्णालयं आणि इंग्लंडमधलं लुडविग गुटमान यांचं स्टोक मँडव्हिल ही त्याची उगमस्थानं. पुढे खेळाडूंची विभागणी होऊ लागली तेव्हा तिचा आधार वैद्यकीय होता, म्हणजे मणक्याला इजा कुठल्या पातळीवर झाली हे पाहून वर्ग दिला जाई. जर्मनीच्या हॉर्स्ट श्ट्रोकेंडल यांनी निदानाऐवजी खुर्चीत बसलेल्या माणसाची प्रत्यक्ष हालचाल मोजणारी पद्धत मांडली आणि १९८० च्या दशकात ती स्वीकारली गेली. आजची पद्धत तिच्यावरच उभी आहे.

वर्गीकरण करणारे मुख्यतः धड पाहतात. हाताचा आधार न घेता खेळाडू धड किती दूर आणि कोणत्या दिशांना नेऊ शकतो आणि परत सरळ आणू शकतो, हा त्यांचा प्रश्न असतो. १.० पॉइंटच्या खेळाडूचं धडावर जवळजवळ नियंत्रण नसतं. तोल गेला तर सरळ होण्यासाठी त्याला चाकाला किंवा मांडीला हाताने धरावं लागतं, त्यामुळे दोन्ही हात एकाच वेळी डोक्यावर नेऊन रिबाउंड घेणं त्याला अवघड जातं. छातीच्या वरच्या भागात मणक्याला इजा झालेले अनेक जण या वर्गात असतात. २.० च्या खेळाडूला पुढे थोडं वाकता येतं आणि वरचं धड वळवता येतं. ३.० चा खेळाडू पार जमिनीपर्यंत वाकून हाताच्या आधाराशिवाय वर येतो, पण बाजूला कलून परत येणं त्याला जमत नाही. ४.० चा खेळाडू बाजूलाही कलतो, बहुधा एकाच बाजूला पूर्णपणे. ४.५ च्या खेळाडूला सगळ्या दिशा खुल्या असतात. एक पाय गुडघ्याखाली कापावा लागलेले खेळाडू साधारण इथे येतात. कुणी दोन वर्गांच्या मधे बसला तर त्याला अर्धा पॉइंट जोडून मधला वर्ग मिळतो.

तुमच्या संघात नवा खेळाडू आला तर पॉइंट स्वतः ठरवून मोकळे होऊ नका. वर्गीकरणाचं पथक वैद्यकीय कागद पाहतं, सरावात पाहतं आणि शेवटी प्रत्यक्ष सामन्यात पाहून वर्ग पक्का करतं. खेळाडूने त्या वेळी रोजच्याच खुर्चीत, रोजच्याच पट्ट्या आवळून खेळायला हवं. वर्ग मिळाल्यावर बैठकीत किंवा पट्ट्यांमध्ये मोठा बदल केला तर धडाची हालचालही बदलते आणि वर्गाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. नियमही एका जागी थांबलेले नसतात. जानेवारी २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने या खेळाच्या वर्गीकरणाला आपल्या संहितेशी विसंगत ठरवलं, ४.० आणि ४.५ च्या खेळाडूंची पात्रता नव्याने तपासायला लावली, आणि त्यात काही नामवंत खेळाडू अपात्र ठरले. कार्ड जुनं असेल तर स्पर्धेआधी ते आजही ग्राह्य आहे का, हे विचारून घ्या.

आता लाइन-अप. आपल्या नमुना संघात आठ खेळाडू आहेत. दोघे १.० चे, आणि बाकी सहा जण अनुक्रमे १.५, २.५, ३.०, ३.५, ४.० आणि ४.५ चे. कागदावर पहिल्यांदा आठही जणांची बेरीज करा. ती २१ येते. मैदानावर जास्तीत जास्त १४ चालतात, म्हणजे बाकावर बसलेल्या तिघांची बेरीज कमीत कमी ७ असली पाहिजे. सामन्याच्या धांदलीत पाच आकडे मिळवण्यापेक्षा बाकावरचे तीन मिळवणं सोपं जातं आणि ते तिघे तुमच्या शेजारीच बसलेले असतात. संघ दहा किंवा बारा जणांचा असला तरी हीच युक्ती लागू आहे: एकूण बेरजेतून १४ वजा करा, बाकावर तेवढे तरी पॉइंट हवेत.

या ७ च्या अटीतून आपल्या संघाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट लगेच कळते. दोन्ही एकवाले बाकावर असतील तर त्यांचे मिळून २ झाले. सातसाठी तिसरा खेळाडू ५ चा लागेल आणि असा वर्गच नाही. म्हणजे दोघांपैकी एक जण चाळीसच्या चाळीस मिनिटं मैदानावर असायलाच हवा. साडेचारवाला जखमी झाला तर संघ कमजोर होईल, पण खेळेल. दोन्ही एकवाले गेले तर उरलेल्या सहांतले सगळ्यात कमी पॉइंटचे पाच घेतले तरी १.५, २.५, ३.०, ३.५ आणि ४.० मिळून १४.५ होतात. बाकावर धडधाकट माणसं असूनही संघाला चौघांनिशी खेळावं लागेल. म्हणून लाइन-अपची सुरुवात एकवाल्याच्या नावाने करायची.

हे झालं बेरजेपुरतं. खेळातही त्याची किंमत तेवढीच आहे. खुर्चीला बाजूला सरकता येत नाही, उडी मारून पलीकडे जाता येत नाही. तिला पुढे, मागे किंवा वळूनच जावं लागतं. त्यामुळे एक खुर्ची दुसरीच्या वाटेत नीट उभी राहिली तर अडकलेला खेळाडू कितीही ताकदीचा असला तरी काही सेकंद तिथेच राहतो. समोरच्या संघाचा शॉट झाला, चेंडू आपल्याकडे आला आणि आपल्या एकवाल्याने त्यांच्या साडेचारवाल्याला आपल्या रिंगखालीच अडवून धरलं, की पलीकडच्या टोकाला चौघांविरुद्ध चौघे उरतात. आपण या व्यवहारात एक पॉइंट खर्च केला आणि त्यांचे साडेचार खेळाबाहेर ठेवले. याला बॅक पिक म्हणतात. पाहणाऱ्यांची नजर चेंडूवर असल्याने ते बहुतेकांना दिसतही नाही. मला हा खेळ सगळ्यात जास्त आवडतो तो या जागेमुळे.

आता तीन लाइन-अप लिहून काढू.

पहिली: ४.५, ४.०, ३.०, १.५, १.०. बेरीज १४. दोन मोठे खेळाडू रिंगखाली, तीनवाला चेंडू घेऊन येणारा, आणि दीडवाला व एकवाला मोठ्यांसाठी वाट मोकळी करणारे.

दुसरी: ४.५, ४.०, ३.५, १.०, १.०. हीसुद्धा १४. तिन्ही बलवान खेळाडू एकत्र आणायचा हा एकमेव मार्ग आहे. पण दोन्ही एकवाले एकाच वेळी मैदानावर असल्याने दोघेही एकदमच दमतात आणि दोघांच्याही नावावर फाउल चढतात. शिवाय समोरचा संघ दोन्ही एकवाल्यांना मोकळं सोडून आपल्या तिघांभोवती पाच जण लावू शकतो. ते टाळायचं असेल तर एकवाल्यांपैकी एकाला तरी रिंगजवळून मोकळा शॉट टाकता आला पाहिजे. तो सराव झाला नसेल तर ही लाइन-अप फक्त दोन-तीन मिनिटांपुरती वापरा.

तिसरी: ४.०, ३.५, ३.०, २.५, १.०. पुन्हा १४. इथे साडेचारवाला बाकावर आहे आणि रिबाउंड कमी मिळतील. पण चौघांना चेंडू हाताळता येतो, पाचही खुर्च्या साधारण सारख्या वेगाने मागे-पुढे होतात आणि मैदानभर दाबून बचाव करता येतो. आपल्या संघासाठी मी सामना या लाइन-अपने सुरू करेन आणि समोरचे दमले की पहिलीवर येईन.

नेमकं या बदलाच्या वेळीच काम फसतं. तिसऱ्या लाइन-अपमधून साडेतीनवाला काढून साडेचारवाला उतरवला तर बेरीज १५ होते. त्याच खंडात अडीचवाल्याच्या जागी दीडवाला आला पाहिजे, तेव्हा १४ होतात आणि आपण पहिल्या लाइन-अपवर पोचतो. दोन्ही बदली खेळाडूंनी स्कोअररच्या टेबलाशी एकाच वेळी हजर व्हायचं. एक पोचला आणि दुसरा अजून पट्टी आवळत बसला आहे, असं झालं तर कुणालाच पाठवू नका. पुढच्या शिटीपर्यंत थांबा. मर्यादा ओलांडलेली आढळली तर प्रशिक्षकाच्या नावावर टेक्निकल फाउल लागतो, समोरच्यांना फ्री थ्रो मिळतो आणि लाइन-अप तिथेच दुरुस्त करावी लागते.

याहून जास्त वेळा होणारी चूक अर्ध्या पॉइंटची आहे. तिसरी लाइन-अप खेळत असताना एकवाला दमतो आणि प्रशिक्षक सहजपणे दीडवाल्याला पाठवतो. दोघांचं काम सारखंच, दोघेही ‘लहान पॉइंटवाले’, म्हणून मनाला खटकत नाही, पण बेरीज १४.५ झालेली असते. लक्षात ठेवायची गोष्ट इतकीच: जाणाऱ्यापेक्षा येणाऱ्याचे पॉइंट कमी किंवा तेवढेच असतील तर एकाच्या जागी एक बिनधास्त पाठवा. येणाऱ्याचे जास्त असतील आणि लाइन-अप आधीच १४ वर असेल तर दुसरा बदल त्याच्याबरोबर गेलाच पाहिजे. घरी बसून अशा जोड्या कागदावर मांडा: ‘साडेचारवाला आत, साडेतीनवाला बाहेर’ याच्या शेजारी ‘दीडवाला आत, अडीचवाला बाहेर’. हा कागद सहायकाच्या हातात द्या आणि प्रत्येक बदलाआधी बाकावरची बेरीज सात भरते का हे त्याने मोठ्याने सांगायचं, असं ठरवून टाका.

उरतो फाउलचा हिशेब. दोन्ही एकवाल्यांचे मिळून दहा फाउल हा आपल्या संघाचा खरा साठा आहे. त्यांचं काम अडवण्याचं, म्हणजे खुर्चीला खुर्ची लागण्याचं, त्यामुळे हा साठा वेगाने संपतो. बहुतेक फाउल उशिरा पोचल्याने होतात. अडवणारा आधी जागेवर पोचून थांबला असेल आणि येणाऱ्याला थांबायला किंवा वळायला जागा ठेवली असेल तर धडक ही येणाऱ्याची चूक ठरते. अडवणारा अजून सरकतच असेल आणि त्याची खुर्ची समोरच्याच्या चाकात बाजूने घुसली, तर फाउल त्याचा. सरावात मैदानाच्या बाजूने उभं राहून पाहिलं तर हे ओळखता येतं: धडकेच्या क्षणी अडवणाऱ्याचे हात चाकावर ढकलत असतील तर तो उशिरा पोचला आहे. त्याला जास्त वेगाने नाही, तर आधी निघायला शिकवा. शॉट हातातून सुटला की त्याची नजर चेंडूऐवजी ज्याला अडवायचं त्याच्या खुर्चीवर गेली पाहिजे.

सामन्यात दोघांना आलटून-पालटून खेळवा. पहिल्याचे मध्यंतराआधी तीन फाउल झाले तर त्याला बसवा आणि दुसऱ्याला आणा. हा बदल १.० च्या जागी १.० असल्याने पहिल्या किंवा तिसऱ्या लाइन-अपला धक्का लागत नाही. एकाचे चार झाले की दुसरी लाइन-अप त्या दिवसापुरती विसरा, कारण तिच्यात दोघेही पणाला लागतात. पाचवा फाउल होऊन एक बाहेर गेलाच तर त्याच्या जागी अर्ध्या मिनिटाच्या आत खेळाडू द्यावा लागतो, म्हणून दुसरा तेव्हा पट्ट्या आवळून तयारच असायला हवा. तिथून पुढे त्याला अडवण्याचं काम कमी द्या, ते दीडवाल्याकडे सोपवा, म्हणजे पहिलीच लाइन-अप शेवटपर्यंत धरून ठेवता येईल.

स्पर्धेला निघण्याआधी मर्यादेचा आकडा मात्र आयोजकांकडून लेखी मागून घ्या. पॅरालिम्पिक आणि जागतिक स्पर्धांत १४ असले तरी काही देशांच्या लीगमध्ये हा आकडा १४.५ किंवा त्याहून जास्त असतो, आणि युरोपात जिथे स्त्री-पुरुष एकाच संघात खेळतात तिथे मैदानावरच्या स्त्री खेळाडूमागे संघाला जादा पॉइंटची सवलत मिळते. आपल्याकडे माधवी लता यांच्या पुढाकाराने २०१४ मध्ये व्हीलचेअर बास्केटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया उभी राहिली. राष्ट्रीय स्पर्धेत उतरणाऱ्या संघांनी त्या वर्षीचं परिपत्रक पाहूनच कागद मांडावा. आपल्या नमुना संघाला १४.५ ची मर्यादा मिळाली तर बाकावर ७ ऐवजी ६.५ पुरतात, आणि दोन्ही एकवाल्यांबरोबर साडेचारवाला बाकावर बसला की नेमके ६.५ भरतात. तेव्हा एकवाल्यांशिवायची एकुलती एक लाइन-अप वैध ठरते: ४.०, ३.५, ३.०, २.५, १.५. ती सरावात आधीच दहा-पंधरा मिनिटं खेळवून ठेवा.